प्रेस शॉपमधल्या अपघाताचा सारांश: लिहायला बसण्याआधी

मूळ अहवालासोबत दोन्ही पाळ्यांचं लॉगबुक, मेंटेनन्सचं रजिस्टर आणि जागेचे फोटो हाताशी घ्या. नुसत्या अहवालावरून सारांश केला की त्यातली चूक जशीच्या तशी पुढे जाते. आमच्याकडे १०० टनी पॉवर प्रेसवर दुसऱ्या पाळीत एका ऑपरेटरचं बोट डायमध्ये चेपलं. अहवालात कारण लिहिलं होतं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मेंटेनन्स रजिस्टरमध्ये मात्र पहिल्या पाळीची नोंद होती: ‘सेन्सर सारखा ट्रिप, तात्पुरती व्यवस्था केली, मशीन चालू.’ ही व्यवस्था म्हणजे पॅनेलमध्ये टाकलेला वीतभर वायरचा जंपर. त्याने लाइट कर्टन, म्हणजे हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदाच, निकामी झाला होता.

म्हणून कारण लिहिताना माणसापाशी थांबू नका. डायमध्ये हात का गेला? जॉब अडकला होता आणि काढायला चिमटा नव्हता. हात आत असताना स्ट्रोक का आला? कर्टन जंपरने बंद होता. जंपर का टाकला? धक्क्यांनी कर्टनचा ब्रॅकेट सैल होऊन प्रेस विनाकारण थांबत होता. आणि तो टाकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. या चार वाक्यांत कारणाचा रकाना पुरा होतो. जिथे पुरावा नाही, तिथे ‘तपास चालू’ असं स्पष्ट लिहा.

परिणामात आधी माणूस, मग मशीन आणि उत्पादन. इजा नेमकी लिहा: उजव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. जखमी ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नसेल, तर सरकारी खात्याला कळवावं लागतं. ते कळवलं का, कधी, हेही इथेच.

उपाय लिहिताना घाई होते. आमच्या पहिल्या मसुद्यात होतं, ‘सर्व प्रेसना लाइट कर्टन लावणे’. पण शॉपमधल्या जुन्या पिन क्लचच्या प्रेसचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्ये थांबत नाही. तिथे कर्टन लावून हात वाचणार नाही, डायभोवती पक्का गार्डच हवा. तेव्हा प्रत्येक उपायापुढे तो कोणत्या मशीनला लागू आहे ते लिहा, आणि तात्पुरता व कायमचा वेगळा ठेवा. जंपर काढला हा तात्पुरता. ब्रॅकेटला लॉकनट, पॅनेलला कुलूप आणि बायपाससाठी लेखी परवाना हे कायमचे.

जबाबदारीत ‘मेंटेनन्स विभाग’ असं लिहिलं तर काम कुणाचंच राहत नाही. एका उपायाला एकच माणूस, एक तारीख, आणि झाल्याचा पुरावा काय तेही. त्या माणसाला विचारूनच तारीख टाका. कर्टनची पडताळणी काम करणाऱ्याने स्वतः करू नये. आमच्याकडे ती सेफ्टी ऑफिसर करतात: स्लाइड खाली येताना किरणांमध्ये टेस्ट रॉड धरायचा आणि स्लाइड थांबते का ते पाहायचं. पहिली तपासणी दुरुस्तीच्या दिवशी, दुसरी महिन्याने, आणि ती रात्रपाळीत.