सारांशात ‘उत्पन्न’ नेमके कशाचे?

सोयाबीनवरच्या इंग्रजी प्रबंधाचा मराठी सारांश तपासताना ‘उत्पन्न’ कुठे पिकाचे, कुठे पैशाचे, कळेना. ओळीओळीने दुरुस्त केला, तरी दुसऱ्या वाचनात तोच घोळ, वैताग आला.

शेवटी क्रम बदलला. आधी मूळ इंग्रजीत ‘यील्ड’ आणि ‘इन्कम’ शोधून प्रत्येक जागेसमोरचा मराठी शब्द दोन रंगांत खुणावला. पिकाला ‘उत्पादन’, पैशाला ‘उत्पन्न’ ठरवले. ‘सिग्निफिकंट’ला ‘महत्त्वाचे’ होते, तिथे ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’. मग इंग्रजी मिटून मोठ्याने वाचले: ‘शेणखताच्या वापराद्वारे उत्पादनात वाढ होत असल्याचे आढळून आले’चे ‘शेणखतामुळे उत्पादन वाढले’ झाले. सरतेशेवटी ‘उत्पन्न’ पुन्हा शोधले. भाषा सफाईत पिकाच्या जागी एक परत घुसलेच होते.