स्टार चार्ट उतरवायचा, पण त्याच्या जागी काय आणायचं?

पहिली-दुसरीच्या वर्गात भिंतीवर स्टार चार्ट, म्हणजे काम केलं की नावापुढे तारा लावायचा तक्ता, असला की पहिले काही दिवस वर्ग भराभर कामाला लागतो. मग हळूहळू प्रश्न सुरू होतात. "बाई, याला स्टार आहे का?" उत्तर 'नाही' असेल तर पेन्सिल खाली. हे मूल आळशी नाही. काम कशासाठी करायचं, हे आपणच त्याला शिकवलेलं आहे.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. त्यांनी मुद्दाम चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी तारा लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते ठेवून दिले आणि कोण आपणहून किती वेळ रंगवतं हे पाहिलं. आधी कबूल केलेलं बक्षीस मिळवलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ रंगवत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे घोळ 'हे केलंस तर ते मिळेल' या अटीत आहे.

या प्रयोगातलं मोजमाप शिक्षकांनी जरूर उचलावं: कुणी सांगत नसताना मूल काय करतं? चार्ट उतरवण्याआधी आठवडाभर मोकळ्या वेळेतली दहा मिनिटं नुसतं बघा. वाचनकोपऱ्यात कोण जातं, वहीत आपणहून कोण काही लिहितं, याची साधी नोंद ठेवा. पुढे बदल झाला की नाही, हे त्या नोंदीशी ताडून कळेल. वर्ग शांत आहे की नाही यावरून ते कळत नाही.

नंतर चार्टवरची कामं निवडायला घ्या. गोष्ट ऐकणं, चित्र, ठोकळे यांसारख्या मुलांना मुळातच आवडणाऱ्या कामांवरचे स्टार सगळ्यात आधी बंद करा, तिथे ते नुकसानच करतात. दप्तर जागेवर ठेवणं, खडू-कागद आवरणं ही कंटाळवाणी कामं वेगळी काढा. वाचन-लेखनासारखी, सरावाने जमणारी कामं तिसऱ्या गटात. चालू चार्ट मात्र अर्धवट फाडू नका. कबूल केलेलं बक्षीस द्या, हा चार्ट भरला की नवा लागणार नाही हे आधीच सांगा, आणि मग तो उतरवा.

तिसऱ्या गटातलं लेखन सविस्तर पाहू. खरा पर्याय इथे लागतो, कारण स्टार मुलाला एक माहिती देत होता: 'जमतंय'. ती माहिती आता कामातूनच मिळायला हवी.

समजा, दुसरीतला एक मुलगा रोज तीन ओळी लिहून थांबतो आणि वही पुढे करतो. प्रथम काम त्याच्या आवाक्यातलं आहे ना, हे तपासा. जोडाक्षरांशी झटापट करताना तो दमत असेल तर प्रेरणेचा कुठलाच उपाय चालणार नाही. तिथे जोडाक्षरं शिकवायला हवीत. अडचण ती नसेल तर त्याचं आजचं एक पान तारीख घालून बाजूला ठेवा, त्यावर लाल पेनने काहीही न लिहिता. रोज लिहून झालं की त्याने स्वतःच, आपल्याला सगळ्यात चांगला जमलेला शब्द शोधून त्याभोवती गोल करायचा. आपण एवढंच विचारायचं, "हाच का निवडलास?" सुरुवातीला "माहीत नाही" हेच उत्तर येईल. येऊ द्या. काही दिवसांनी "वेलांटी नीट आलीय", "शब्द ओळीवर बसलाय" अशी उत्तरं यायला लागतात. चांगलं म्हणजे काय, याची मोजपट्टी आता त्याच्या हातात आलेली असते.

तीन-चार आठवड्यांनी ते जुनं पान आणि आजचं पान शेजारी ठेवा आणि विचारा, "काय बदललंय?" फरक त्यालाच शोधू द्या. ही पानं भिंतीवर लावू नका आणि शेजारच्या मुलाच्या पानाशी ताडू नका. तसं केलं की चार्टच दुसऱ्या रूपात परत आला. तुलना त्याच मुलाच्या आधीच्या पानाशी.

इथे आपली जीभ सांभाळावी लागते. दर ओळीला "शाब्बास, हुशार आहेस!" म्हणणं हा तोंडी स्टारच आहे. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर खचतात, तर मेहनतीचं कौतुक झालेली जास्त टिकून राहतात. म्हणून जे दिसतं ते बोला: "आज तू 'पाऊस' दोनदा खोडून परत लिहिलास." किंवा, "हे वाक्य वाचून मला तुझा कुत्रा डोळ्यांसमोर आला." दुसरं वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं. लिहिलेलं कुणीतरी खरंच वाचतं, हे मुलाला त्यातून कळतं.

निवडीलाही जागा ठेवा, पण लहान. "काय लिहायचं ते तूच ठरव" म्हटलं की सात वर्षांचं मूल गांगरतं. "आजी की पाऊस?" एवढं पुरतं. लिहायचं की नाही, ही निवड नाही. कशावर, कुठे बसून आणि आधी काय, ही आहे.

कंटाळवाण्या कामांसाठी वेगळी वाट लागते, कारण आवरण्यात कुणाला गोडी लागेल ही अपेक्षाच चुकीची. १९८४ मध्ये रिचर्ड कोस्टनर आणि सहकाऱ्यांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना रंगकाम दिलं. रंग सांडू नयेत म्हणून एका गटाला नुसते हुकूम दिले, तर दुसऱ्याला तेच नियम त्यांची इच्छा ओळखून आणि कारण देऊन सांगितले. दुसऱ्या गटाची रंगकामातली गोडी टिकली. वर्गात ते असं बोलता येईल: "खेळ मध्येच सोडायला जिवावर येतंय, कळतंय मला. पण ठोकळे जमिनीवर राहिले तर कुणीतरी घसरेल. आधी लाल उचलायचे की मोठे?" भावना, कारण, छोटी निवड. ओरडून म्हटलं तर मात्र हाही हुकूमच होतो.

चार्ट उतरल्यावर पहिले काही दिवस काम घटेल. स्टारसाठीच लिहिणारी मुलं थोडं लिहितील, एखादं "मग कशाला लिहू?" असंही विचारेल. इथेच घाबरून नवा चार्ट लावला जातो. त्याऐवजी ती दहा मिनिटांची नोंद पुन्हा सुरू करा. पानं कमी भरत असूनही मोकळ्या वेळेत पूर्वीपेक्षा जास्त मुलं पुस्तक उघडत असतील, तर दिशा बरोबर आहे. दीड-दोन महिन्यांनीही नोंद हलली नाही, तर कामच फार सोपं, फार अवघड किंवा निरर्थक आहे का ते बघा. नुसती नक्कल करायची पानं कुठल्याच पद्धतीने रुचकर होत नाहीत.

एखाद्या मुलासाठी तज्ज्ञांनी टोकन किंवा बक्षिसांची योजना आखून दिली असेल, तर ती वर्गाच्या नव्या पद्धतीपायी बंद करू नका. ती कधी आणि कशी कमी करायची, हे त्याच तज्ज्ञांशी आणि पालकांशी बोलून ठरवा.