उत्तर आलं, पण बरोबर आहे का? जर्नलला उतरवण्याआधीची चाचणी

न्यूमेरिकल मेथड्सच्या लॅबमध्ये प्रोग्रॅम चुकला तरी आकडा छापतोच. म्हणून सरांचं उदाहरण घालण्याआधी, उत्तर आधीच माहीत असलेली दोन छोटी उदाहरणं चालवून बघा.

१. ट्रॅपेझॉइड: x² चं 0 ते 1 इंटिग्रेशन, खरं उत्तर 1/3. n=10 ला 0.335 आणि n=20 ला 0.33375 यायला हवं. n दुप्पट केल्यावर चूक चौपट कमी होते. 0.385 आणि 0.35875 आलं, म्हणजे चूक जेमतेम निम्मी झाली, तर दोन टोकांच्या किमती निम्म्या करायच्या राहिल्यात. नेहमीचीच भानगड.

२. गॉस एलिमिनेशन:

```
1e-20 x + y = 1
x + y = 2
```

उत्तर जवळजवळ x=1, y=1. x=0, y=1 आलं तर पिव्होटिंग होतच नाहीये. x=-1, y=2 आलं तर ओळी बदलल्या, पण उजवीकडच्या b मधल्या किमती जागच्या जागी राहिल्या.

आता दुसऱ्या समीकरणाची सगळी चिन्हं उलटी करून (-x - y = -2) पुन्हा चालवा. उत्तर तेच यायला हवं. इथे x=0 झालं, तर मोठा पिव्होट शोधताना fabs विसरलाय:

```c
if (fabs(a[i][k]) > fabs(a[p][k])) p = i;
```

मात्र या चाचणीत 1e-20 च्या जागी 0.1 वगैरे घालू नका. तिथे पिव्होटिंग नसलं तरी उत्तर बरोबरच येतं.