गोगलगाईचं बालगीत लिहिताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की बालवाडीसाठी गोगलगाईवर चार ओळी लिहायचा मोह बहुतेकांना होतो. मलाही झाला होता. माझा पहिला खर्डा असा होता:

पावसाळ्याच्या दिवसांत निघाली एक गोगलगाय,
भरभर टाकी बागेमधुनी इवले इवले पाय.
वाटेत तिला भेटला एक पाण्याचा थेंब,
मातीमधुनी डोकावला हिरवा हिरवा कोंब.

कागदावर बरं दिसलं, पण मुलांना म्हणून दाखवताना पहिल्याच ओळीत टाळी चुकली. म्हणून ते उसवून पाहिलं.

टाळी का चुकते ते मात्रा मोजल्या की कळतं. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराचा आघात आला तर त्याच्या आधीच्या अक्षराच्या दोन. बालगीताला आठ-आठ मात्रांचे तुकडे सोपे जातात, कारण तिथे टाळी आपसूक पडते. ‘भरभर टाकी’ आठ, ‘बागेमधुनी’ आठ, ‘इवले इवले’ आठ. म्हणून दुसरी ओळ घसरत नाही. पहिलीत मात्र ‘पावसाळ्या’ म्हणेपर्यंत सात मात्रा होतात आणि आठवी ‘च्या’च्या मधोमध तुटते. जीभ अडखळते ती नेमकी तिथेच. त्यात पावसाळा, दिवस, निघणं, गोगलगाय हे सगळं एकाच ओळीत कोंबलेलं. चार वर्षांच्या मुलाला एका ओळीत एकच गोष्ट पुरते.

दुसरी चूक मात्रांची नाही, गोगलगाईची आहे, आणि मला ती जास्त लागली. ‘गोगलगाय पोटात पाय’ हे आपण लहानपणापासून म्हणतो, तरी मी तिला ‘इवले इवले पाय’ देऊन भरभर चालवलं. तिचा पाय एकच: पोटाखालचा सपाट, स्नायूंचा तळवा. त्यातून चिकट स्राव सुटतो, त्यावरून ती सरकते आणि मागे चकाकणारी रेघ उरते. डोक्यावर चार शिंगं असतात, वरची दोन लांब आणि त्यांच्या टोकांना डोळे. खालची आखूड दोन चाचपायला आणि वास घ्यायला. अंग कोरडं पडलेलं तिला सोसत नाही, म्हणून तिचं चालणं पावसात, ओलाव्यात किंवा रात्री. तिला कडक उन्हात फुलाकडे पाठवू नका. ज्या मुलांनी अंगणात ती पाहिली आहे, ती लगेच विचारतात.

यमकाचा घोटाळा लपून राहतो. थेंब आणि कोंब यांत शेवटचं ‘ंब’ जुळतं, पण त्याआधीचा स्वर वेगळा: ‘ए’ आणि ‘ओ’. मुलाच्या कानाला हे यमक वाटत नाही. शेवटच्या व्यंजनाबरोबर त्याआधीचा स्वरही जुळला पाहिजे: सर आणि वर, वीट आणि नीट. शिवाय कोंब माझ्या गोष्टीत फक्त थेंबासाठी आला होता. यमक जुळवायला आणलेली वस्तू पुढच्या ओळीत उपयोगी पडत नसेल, तर ती काढून टाकावी. ‘बागेमधुनी’मधलं ‘मधुनी’ही मात्रा भरायलाच आलं होतं, मुलं घरात ‘बागेतून’ म्हणतात.

मग हळूपणा दाखवायचा कसा? ‘हळूहळू’ पाच वेळा लिहून तो जाणवत नाही. दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, अक्षरांचं वजन: ‘टपटप टपटप’ ही आठ मात्रांत आठ अक्षरं आहेत, तर ‘पोटाखाली’ ही आठ मात्रांत चारच. पहिलं पावसासारखं पळतं, दुसरं लांबतं. दुसरी, शेजारी काहीतरी वेगानं हलणारं ठेवायचं. मी मुंगी घेतली; सर थांबली की ती लगेच बाहेर पडते. प्रवासही मोजका ठेवला: विटांची कड ओलांडून अळूपर्यंत.

टपटप टपटप आली सर,
चारी शिंगे केली वर.
हळूच आली गोगलगाय,
पोटाखाली एकच पाय.
मुंगी गेली, मुंगी आली,
गोगलगाय अजून खाली.
चढली वीट, उतरली वीट,
मागे रेघ ओढली नीट.
अळूखाली पोचली बाई,
तिला कधीच नव्हती घाई.

‘गोगलगाय’ सात मात्रांचं आहे, हे मोजणाऱ्याच्या लक्षात येईल. शेवटचा ‘य’ लांबवला की आठवी भरते, आणि मुलं तो न सांगता लांबवतात. शिंगं कोणाची हे पहिल्या दोन ओळींत मुद्दाम सांगितलेलं नाही. तिथे थांबून मुलांना ओळखू द्या.

शेवटी ‘हळू चालणारा जिंकतो’ अशी शिकवण जोडायचा सल्ला मला मिळाला होता. मी ती जोडली नाही. इथे शर्यत नाही, तिला अळूखाली जायचं होतं आणि ती पोचली. मराठवाड्यात मात्र हे गीत म्हणताना एखादं मूल म्हणेल, ‘आमचं सोयाबीन हिनंच खाल्लं.’ २०२२ च्या खरिपात लातूर, बीडकडे तसं खरंच झालं होतं. त्याला गप्प करू नका, त्याचं ऐकून घ्या आणि मग पुढची ओळ म्हणा.