फ्रूट सॅलड आणि बटाट्याचा किस: काळं पडू नये म्हणून आधी काय मांडायचं

उपासाला दहा माणसं जेवायची असतील, तर सुरी हातात घेण्याआधी पातेली मांडा. एका पातेल्यात सफरचंदांसाठी लिटरभर गार पाणी आणि दोन लहान चमचे मीठ. शेंदेलोण असलं तरी काम तेच होतं. दुसऱ्यात बटाट्यांसाठी नुसतं गार पाणी. आणि एक ताटली, सफरचंदाच्या पातेल्यात सहज उतरेल एवढी. मागच्या वेळी ही ताटलीच राहिली होती.

ताटली का, तर सफरचंद तरंगतं. त्याच्या गरात बरीच हवा असते. बटाट्याची फोड तळाशी बसते, सफरचंदाची मात्र वर येऊन पाठ उघडी टाकते. कापल्यावर पेशी फुटतात, त्यांच्यातलं विकर मोकळं होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं गराला तपकिरी करतं. त्यामुळे पाण्यात फोडी टाकूनही वरच्या फोडींची एक बाजू डागाळते, आणि आपण मिठाला दोष देत बसतो. ताटली फोडींवर उलटी दाबा, तिच्यावर पाणी आलेलं दिसलं पाहिजे. चार फोडी झाल्या की लगेच ठेवा, चारही सफरचंदं कापून होईपर्यंत थांबू नका. दहा मिनिटांनी फोडी काढून साध्या पाण्यातून एकदाच काढा, नाहीतर खारट लागतात. लिंबूही चालतं, पण दुधात जायच्या फोडींना नको, दूध फाटतं.

कापायला स्टीलची सुरी घ्या. लोखंडी विळी आईची असली तरी आज नको. लोखंड लागलं की कापलेली कड निळसर-काळी होते, आणि हा डाग मिठाच्या पाण्यानं टळत नाही.

बटाटे सोलले की पाण्यात, किसतानाही किस थेट पाण्यात पडू दे. गुलाबी झाक दिसली म्हणजे काळं पडायला सुरुवात झाली. तासाभरापेक्षा जास्त वेळ ठेवायचे असतील तर अख्खेच ठेवा, पातेलं फ्रिजमध्ये. किस परतायच्या आधी घट्ट पिळा. पिळून तसाच ठेवलात तर पुन्हा काळा पडेल, म्हणून कढईत तूप आधी तापवा. लिंबू पिळायचं ते शेवटी, बटाटा शिजल्यावर. आंबट आधी गेलं तर तो लवकर मऊ होत नाही.

केळी पाण्यात घालू नका, बुळबुळीत होतात. ती अगदी शेवटी, थेट गार कस्टर्डमध्ये कापा आणि चमच्यानं बुडवा. उद्यासाठी ठेवायचं असेल तर केळ्याशिवाय ठेवा.

आणि ती ताटली. काढली का?