संस्थेच्या अहवालाचं काम: दर कळवण्याआधी

आपल्याकडे ऑगस्ट लागला की पतसंस्था, दूध संस्था, सेवा सोसायट्या सगळ्यांना एकाच वेळी वार्षिक अहवाल आठवतो. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची असते, म्हणून मेसेज येतो तो असा: "वार्षिक अहवाल, ४८ पानं, मराठी डीटीपी, तातडीचं, दर आणि वेळ कळवा." असा मेसेज आला की काय तयारी ठेवून उत्तर द्यायचं ते लिहितोय. गेल्या वर्षी मी यातली एक गोष्ट विसरलो आणि काम बिघडलं. ती गोष्ट वाचून कंटाळा येईल इतक्या वेळा खाली येईल.

मेसेज नीट वाचा, पानं आणि साइज टिपून घ्या. उत्तर तासाभरात गेलं पाहिजे, कारण असा मेसेज लक्ष्मीपुरीपासून इचलकरंजीपर्यंत सगळ्यांना गेलेला असतो आणि सचिव पहिल्या दोन-तीन उत्तरांतूनच माणूस निवडतात. पण तासाभरात पक्का आकडा द्यायचा नाही. अंदाज द्यायचा, आणि तो कशावर बदलेल ते त्याच मेसेजमध्ये लिहायचं.

त्यासाठी स्वतःचे दर आधी कागदावर असले पाहिजेत. "पानाला अमुक" असा एकच दर सांगू नका. अहवालात साध्या मजकुराचं पान अर्ध्या तासात लागतं, पण ताळेबंदाचं पान दोन तास खातं. माझा हिशोब असा: मजकुराची २४ पानं १०० रुपयांनी २,४००, तक्त्यांची २० पानं २०० रुपयांनी ४,०००, संचालकांच्या फोटोंची ४ पानं १५० रुपयांनी ६००, आणि कव्हर १,५००. एकूण ८,५००. तुमचे दर वेगळे असतील, पण तक्त्याचं पान वेगळं धरा. संस्था मोठी असेल तर कर्जवाटप, थकबाकी, गुंतवणूक यांचे तक्तेच अर्धा अहवाल व्यापतात. आणि पानं चारच्या पटीत धरा. मध्ये पिन मारायची असते, ४५ पानांचं पुस्तक होत नाही.

आता प्रश्न. दहा प्रश्न विचारले तर समोरचा एकाचंही उत्तर देत नाही. चारच विचारा.

पहिला, मजकूर कशात आहे. "वर्डमध्ये आहे" हे उत्तर पुरेसं नाही. बऱ्याच संस्थांत गेल्या वर्षीचा अहवाल श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो आणि त्यावरच आकडे बदलून या वर्षीचा तयार होतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसतं, पण फाईलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ओळखायचं कसं, तर थोडा मजकूर निवडून फॉन्ट मंगल करा. मराठी तसंच राहिलं तर यूनिकोड, भलतीच चिन्हं दिसली तर जुना फॉन्ट. कन्व्हर्टरने बदलता येतं, पण मग रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागते, आणि मध्ये कुठे इंग्रजी शब्द असेल तर त्याचंही देवनागरीत काहीतरी होऊन बसतं. हा अर्धा दिवस कुणाच्या हिशोबात धरायचा हे आधी ठरलं पाहिजे. म्हणून पहिल्याच उत्तरात नमुना मागा: मजकुराची मधली दोन पानं आणि ताळेबंदाचं एक. पहिलं पान मागू नका, ते सगळ्यांचं सुबक असतं.

दुसरा प्रश्न, सभेची तारीख. तिसरा, प्रूफ कोण वाचणार. एकच नाव हवं. अध्यक्ष, सचिव आणि मॅनेजर तिघांनी तीन रंगांत दुरुस्त्या केल्या की त्या एकमेकींना खोडतात. चौथा, फक्त प्रेसची फाईल हवी की छपाईही. एवढंच. आकडे १२३ असे मराठी ठेवायचे की इंग्रजी हे काम हातात आल्यावर विचारलं तरी चालतं, पण पहिलं पान लावायच्या आधी.

आणि आता ती गोष्ट. दिवस कधीपासून मोजायचे.

गेल्या वर्षी सोमवारी सकाळी एका पतसंस्थेच्या सचिवांचा फोन आला. मी दर सांगितला, त्यांनी मान्य केला, आणि "किती दिवस?" म्हणाल्यावर मी म्हणालो, "साहेब, सहा दिवसांत देतो." सचिवांनी सोमवार पहिला धरला आणि तिथेच शनिवारी संध्याकाळी फाईल म्हणून प्रेसवाल्यांना रविवारची वेळ सांगून टाकली. त्यांची चूक नव्हती. मी सहा दिवस म्हणालो होतो, कशापासून सहा ते म्हणालो नव्हतो. सोमवारी नुसती नोटीस आणि विषयपत्रिका आली. बुधवारी मनोगत आणि संचालक मंडळाचा अहवाल. गुरुवारी फोटो आले ते व्हॉट्सअॅपवर दाबून बारीक झालेले, ते परत मागवले. शुक्रवारी रात्री साडेनऊला ताळेबंद आणि नफा-तोटा. लेखापरीक्षकांचा अहवाल शनिवारी दुपारी, स्कॅन करून.

वीस पानांचे तक्ते एका रात्रीत लावले. आपल्याकडच्या ताळेबंदात डाव्या हाताला मागील वर्ष, मध्ये तपशील, उजव्या हाताला चालू वर्ष असतं. एका पानावर वरची दोन शीर्षकं अदलाबदल होऊन पडली. आकडे बरोबर, बेरीज बरोबर, फक्त मागील वर्षाच्या जागी चालू वर्ष. प्रूफ वाचायला कुणाकडेच वेळ नव्हता, कारण माझे सहा दिवस त्यांच्या मजकुराची वाट बघण्यात गेले होते. छापून झाल्यावर लेखापालांच्या लक्षात आलं. दीड हजार प्रतींवर कागदाची पट्टी चिकटवावी लागली. बिलातून अडीच हजार गेले, आणि यंदा त्या संस्थेचा फोन आलेला नाही.

म्हणून वेळ लिहाल तेव्हा वाक्य असं लिहा: "सगळा मजकूर, फोटो, ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल पूर्ण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामाचे सहा दिवस." नुसतं "सहा दिवस" लिहू नका. "साधारण आठवडाभर" तर अजिबात लिहू नका. "मजकूर मिळाल्यापासून" हेही पुरत नाही, कारण नोटीस मिळाली तरी मजकूर मिळालाच असं समोरच्याला वाटतं. "पूर्ण" हा शब्द हवा, आणि पूर्ण म्हणजे काय काय त्याची नावं हवीत. लेखापरीक्षण अहवालाचं नाव तर हवंच. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण व्हावं असा नियम आहे, म्हणजे ३१ जुलै. पण ते झालं तरी सहीचा कागद संस्थेत पोचून तुमच्यापर्यंत यायला वेळ जातो, आणि तोच सगळ्यात शेवटी येतो.

मिळेल तसं काम सुरू करायला हरकत नाही, मीही करतो. पण दिवस मात्र शेवटचा कागद हातात आल्यावरच मोजायचे. तो आला की मेसेज टाका: "आज सगळं पूर्ण मिळालं, उद्यापासून पहिला दिवस." हा मेसेज फोनवर सांगून भागत नाही. लेखी टाका.

"मग आम्हाला कधीपर्यंत द्यावं लागेल?" हे सचिव विचारतीलच, तेव्हा त्यांच्यासमोर उलटं मोजून दाखवा. समजा सभा २५ सप्टेंबरला आहे. बहुतेक पोटनियमांत पूर्ण चौदा दिवसांची नोटीस असते, नोटीस अहवालातच छापलेली असते, म्हणजे १० तारखेला प्रती बाहेर पडल्या पाहिजेत. प्रेस आणि बाइंडिंगला चार दिवस, म्हणजे ५ तारखेच्या संध्याकाळी प्रेसला फाईल. माझे कामाचे सहा दिवस आणि मधला एक रविवार धरला तर ३० ऑगस्टला काम सुरू, म्हणजे २९ ऑगस्टला शेवटचा कागद माझ्या हातात. मध्ये गौरी-गणपती आले तर प्रेसची माणसं गावी जातात, अजून तीन दिवस मागे. हे मोजून दाखवलं की दिवस पूर्ण मजकुरापासून का मोजायचे ते वेगळं समजवावं लागत नाही, सचिव स्वतःच लेखापरीक्षकांच्या मागे लागतात. आणि २९ ला मिळणं शक्य नाही असं त्यांनी तिथेच सांगितलं तर काम घ्यायचं की नाही हे तुम्हाला तिथेच ठरवता येतं.

सहा दिवसांची फोडही लिहा. पहिलं प्रूफ चौथ्या दिवशी, मग दुरुस्तीच्या दोन फेऱ्या एकेक दिवसाच्या. प्रूफ त्यांच्याकडे पडून असेल ते दिवस माझ्या सहांत नाहीत, हेही लिहा.

आता सगळं मिळून उत्तर कसं दिसतं ते बघा. मी यंदा पाठवलेला मेसेज हा:

"नमस्कार साहेब. ४८ पानं आणि कव्हर, अंदाजे ८,५०० रुपये, छपाई सोडून. मजकुराची मधली दोन पानं आणि ताळेबंदाचं एक पान पाठवा, बघून आज संध्याकाळी पक्का आकडा देतो. सगळा मजकूर, फोटो, ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल पूर्ण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामाचे सहा दिवस: चौथ्या दिवशी प्रूफ, मग दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. सभेची तारीख काय, प्रूफ कोण वाचणार, आणि छपाईही हवी का, एवढं कळवा."

फोनच्या एका स्क्रीनवर मावतं. यापेक्षा मोठं लिहिलं तर दर तेवढा वाचला जातो आणि दिवसांचं वाक्य सुटतं.

काम मिळालं की बाकीचं पटापट. निम्मे पैसे आगाऊ. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून. तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे, तेही आधीच सांगून. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावू नका. तक्त्यांची प्रूफं कागदावर काढून द्या, स्क्रीनवर कुणी बेरजा बघत नाही. मागील वर्ष डावीकडे, चालू वर्ष उजवीकडे, प्रत्येक पानावर. अंतिम प्रूफावर सही घ्या. प्रेसला पीडीएफ गेली की फोन करून उघडली का विचारा.

आणि शेवटचा कागद आला त्या दिवसाचा तो मेसेज टाकलाय ना, तेवढं बघा.