मातीच्या भांड्यांचं वर्णन लिहिताना या चुका टाळा

भद्रावतीकडचा ग्लेझ केलेला, म्हणजे वर काचेसारखा थर चढवलेला वाडगा ऑनलाइन विकायला ठेवला की खाली एक वाक्य हमखास येतं: ‘हाताने बनवलेलं असल्यामुळे थोडाफार फरक असू शकतो.’ माल परत येतो तो बहुतेक या वाक्यामुळेच. फरक कसला, कुठे, केवढा, हे गिऱ्हाइकाला कळतच नाही. मग साधा ठिपका दिसला तरी त्याला फुटका माल पाठवल्यासारखं वाटतं.

सगळ्यात मोठा घोळ जाळी आणि तडा यांचा. भट्टीतून निघून थंड होताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसला, की त्यावर केसासारख्या बारीक रेषांची जाळी पडते. कधीकधी ती महिन्यांनंतरही उमटते. ती ग्लेझपुरतीच असते, भांडं शाबूत असतं. तडा मात्र मातीतून आरपार जातो. वाडगा तळहातावर ठेवून बोटाच्या पेराने वाजवा. आवाज खणखणीत आला तर बहुधा ठीक, बद्द आला तर तडा शोधा. मग त्यात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर ते भांडं पाणी धरत नाही, मग कारण तडा असो की कमी भाजलेली माती. जाळीला ‘कलात्मक तडे’ म्हणू नका आणि तडा गेलेलं भांडं जाळीच्या नावाखाली खपवू नका.

आता तोच वाडगा नीट लिहून बघा: ‘हिरवट निळा ग्लेझ, आतून बारीक जाळी. चहा किंवा हळद त्या रेषांत मुरून त्या गडद होतील. काठाजवळ टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रं. बुडाला ग्लेझ नाही, तिथे लालसर माती दिसते, हाताला खरखरीत लागते.’ बुड कोरं का, हेही एका ओळीत सांगून टाका: भट्टीत ग्लेझ वितळतो, बुडाला लावला तर भांडं फळीला चिकटतं. छिद्रं पडतात ती भाजताना मातीतून वायू बाहेर पडल्यामुळे. एवढं कळलं की गिऱ्हाईक त्यांना दोष धरत नाही.

माप लिहिताना ‘व्यास 14.6 सेमी’ असं एकच नेमकं माप देऊ नका. वाळताना आणि भाजताना माती साधारण दहा टक्के आकसते, आणि चाकावरचे दोन वाडगे तंतोतंत सारखे निघत नाहीत. ‘14 ते 15 सेमी’ लिहा.

फोटोत छिद्रं पुसू नका. खिडकीच्या उजेडात, उजेड बाजूने येईल असा फोटो काढला की जाळीही दिसते. नगाला नग वेगळा असेल तर फोटो पण त्याच नगाचा हवा.

आणि प्रयोगशाळेत ग्लेझमधलं शिसं तपासून घेतलेलं नसेल, तर ‘जेवणासाठी सुरक्षित’ असं लिहूच नका. ‘शोभेसाठी’ लिहा, गिऱ्हाईक कमी मिळालं तरी चालेल.